सहा किलोचा पावडरवाला सिलिंडर: सात महिने भिंतीवर, 15 सेकंद हातात

दिवाळीनंतर आग विझवायचा, एबीसी पावडरचा सहा किलोचा सिलिंडर घेतला. सात महिन्यांत त्याचं काम एवढंच, की महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघायचं. खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधून ठिणगी उडाली आणि शेजारच्या कोठ्यातलं कुटार पेटलं.

मी धावत जाऊन सिलिंडर उचलला आणि तिथेच फसलो. एका हाताने दांडी घट्ट आवळली होती, दुसऱ्याने पिन ओढत होतो. पिन काही केल्या निघेना! दांडी दाबली की पिन आतल्या आत अडकते, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. सिलिंडर जमिनीवर टेकवला, दांडी सोडली, पिनेला पीळ दिला, तेव्हा सील तुटून ती सहज आली. तोवर बायकोने मेन बंद केला होता.

दुसरी चूक अंतराची. घाबरून तीन फुटांवर गेलो आणि दांडी दाबली. पावडरचा झोत इतका जोरात बसला, की पेटतं कुटार उडून पलीकडच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ पडलं. मागून दादा ओरडले, "अरे, जवळ नोको जाऊ, मांगं सर!" सात-आठ फूट मागे आलो. वारा पाठीवर घेतला, वाटही पाठीमागेच मोकळी ठेवली. नळीचं तोंड ज्वाळांवर नाही, कुटाराच्या बुडाशी धरलं आणि अंगणात झाडू मारावा तसं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवलं. ज्वाळा बसत गेल्या तसा एकेक पाऊल पुढे सरकलो. वर ज्वाळेवर मारलेली पावडर धुरात उडून जाते, खाली आग तशीच राहते. एवढा सिलिंडर सलग दाबला तर जेमतेम 15-20 सेकंद चालतो, त्यात माझी पहिली काही सेकंदं वायाच गेली.

ज्वाळा विझल्या, पण अर्ध्या तासाने ढिगातून पुन्हा धूर. पावडर वरच्या थरावर बसते, कुटाराच्या पोटातला निखारा तिला सापडत नाही. कापसाच्या गंजीचंही असंच होतं. मेन बंदच होता, म्हणून दाताळ्याने ढीग उलटापालटा करून बादल्यांनी पाणी मारलं.

तक्रार एकच, तीही माझ्या अडाणीपणाची. सिलिंडरमध्ये थोडी पावडर उरली होती, म्हणून पिन लावून परत टांगून ठेवला. सकाळी पाहतो तर काटा शून्यावर. व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडरचे कण अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो. म्हणजे दोन सेकंद जरी वापरला तरी रिफिल करावाच लागतो.

आता तो कोठ्यात नाही, घराच्या दाराशी सावलीत टांगलाय. तेव्हा तो कोठ्यातच होता. कुटार जरा उलट्या अंगाने पेटलं असतं तर तिथवर हातच पोचला नसता.