आठ महिने पीएस ५: लोडिंग गेलं, मटार राहिले

आधी सांगतो, पीएस ५, म्हणजे सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन ५, मी हौसेने घेतला नाही, रागाने घेतला. जुन्या पीएस ४ मध्ये मी स्वतः बसवलेली १ टीबीची हार्ड डिस्क मरायला टेकली होती. आधी गेममध्ये इमारती उशिरा उगवायला लागल्या: पळत पुढे जावं तर समोर मेणाचा गोळा, मग सावकाश त्याला खिडक्या फुटायच्या. नंतर आतून टिक, टिक, आणि गेम जागच्या जागी थिजायचा. दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड गेला, आणि जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली की नवीन यंत्र येत होतं. घरी आलो, कन्सोलबरोबर आलेली मूळची ५०० जीबीची डिस्क कपाटातून काढली, चार स्क्रू, परत बसवली. झालं चालू. मदरबोर्ड ठणठणीत. पण तोवर डोकं फिरलं होतं, पीएस ५ ची ऑर्डर दिलेली होती.

पहिल्या आठवड्याचं माझं मत होतं, पैसे पाण्यात. कारण ऐका आणि हसा. मी तीच ५०० ची डिस्क २.५ इंची यूएसबी डबीत घालून पीएस ५ ला जोडली आणि पीएस ४ चे गेम तिच्यावरूनच खेळायला लागलो. ‘ब्लडबॉर्न’मध्ये मेलो की पूर्वीसारखंच बसून राहायचं. मी घरात सगळ्यांना सांगितलं की पीएस ५ च्या आतला वेगवान एसएसडी वगैरे नुसती जाहिरात आहे. भाच्याने विचारलं, “मामा, गेम आहे कशावर?” तेव्हा उजेड पडला. नव्या बंगल्यात राहून पाणी जुन्या विहिरीवरून भरत होतो.

गेम आतल्या एसएसडीवर हलवला. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर साधारण २५ सेकंदांचे १२-१३ झाले. आता इथेच माझी पुढची तक्रार सुरू झाली. पीएस ४ ची डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी वाचते, पीएस ५ चा एसएसडी ५.५ जीबी. म्हणजे निदान पन्नास पट. मग वेळ निम्म्यावरच का थांबला? या एका प्रश्नावर मी दोन रविवार घालवले.

आधी जुन्या डिस्कचं दुखणं नीट समजून घ्यावं लागलं. आपण एमबी मोजत बसतो, पण तिचा वेळ खातं ते शोधणं. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला ११ मिलिसेकंद. वाचणारा काटा योग्य वर्तुळावर न्यायचा आणि मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. एका तुकड्यामागे १५ मिलिसेकंद धरा. हजार तुकडे विखुरलेले असले तर १५ सेकंद नुसती शोधाशोध, आणि त्यात डेटा म्हणाल तर मूठभर. दळणाच्या डब्याच्या रांगेसारखं आहे: दळायला दोन मिनिटं, नंबर लागायला तास. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडा कुठेही असो, मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात हातात येतो.

हे टाळायला गेमवाले काय करत? एकच वस्तू डिस्कवर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा लिहून ठेवत, म्हणजे शहराचा एक भाग वाचताना त्यातलं सगळं सामान शेजारी शेजारी सापडेल. पीएस ५ चा आराखडा करणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या भाषणात सांगितलं होतं की ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये काही डेटाच्या डिस्कवर ४०० प्रती आहेत. चारशे! आणि माझ्या ५०० जीबीत जागा पुरत नाही म्हणून मी गेम उडवत बसायचो.

आता ‘ब्लडबॉर्न’. २०१५ चा गेम, आणि पीएस ५ साठी त्याची वेगळी आवृत्ती नाही. डेटा दाबून बांधलेला असतो आणि तो सोडवायचं काम बरेच जुने गेम प्रोसेसरवर टाकतात. वाट बघायला लावणारी डिस्क गेली की पुढची रांग प्रोसेसरपाशी लागते. पीएस ५ मध्ये हे सोडवायला वेगळं हार्डवेअर आहे, क्राकेन नावाच्या पद्धतीने बांधलेला डेटा ते वाटेतच उलगडतं, आणि मग सेकंदाला ८-९ जीबीपर्यंत माल पोचतो. पण ज्या गेमला ते हार्डवेअर असतं हेच माहीत नाही, तो त्याचा उपयोग कसा करणार? म्हणून बहुधा निम्माच वेळ वाचला. तक्रार मागे घेतली.

मग ‘स्पायडर-मॅन’ची पीएस ५ आवृत्ती लावली आणि मतच बदललं. सोनीने २०१९ मध्ये याच गेमवर प्रात्यक्षिक दाखवलं होतं, शहरात एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारायचा १५ सेकंदांचा फास्ट ट्रॅव्हल ०.८ सेकंदात. तेव्हा मी हे खोटं मानलं होतं. घरी मोजायला गेलो तर अंगठा स्टॉपवॉचवर पोचेपर्यंत शहर समोर हजर. पीएस ४ वर या वेळात स्पायडर-मॅन मेट्रोत प्रवाशांशेजारी अवघडून बसलेला दाखवायचे. ते दृश्य मला आवडायचं, त्याची चुकचुक आहेच. सौ.ना मात्र वेगळंच नुकसान झालं: लोडिंगच्या काळात माझ्या मांडीवर मटाराची परात असायची. एका मरणामागे आठ-दहा शेंगा सहज व्हायच्या. आता कंट्रोलर खाली ठेवायलाच सवड मिळत नाही.

राहिला माझा कायमचा राग: जागा. खोक्यावर ८२५ जीबी, सिस्टमचं वजा जाता वापरायला मिळतात ६६७. पीएस ५ चे गेम यूएसबी डिस्कवर ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. कारण वर आलंच आहे, जो गेम सेकंदाला काही जीबीच्या भरवशावर लिहिला, तो ८० एमबीवर चालणार कसा? कारण पटतं, ६६७ पटत नाही. आत एम.२ एसएसडी घालायची सोय आहे, पण तो ५.५ जीबी वेगाचा आणि हीटसिंकसकट हवा. किंमत बघितली आणि पान बंद केलं.

म्हणून जुनी डिस्कच गोदाम केली आहे. खेळून झालेला गेम तिच्यावर, हवा असेल तेव्हा परत आत. ६० जीबीचा गेम ८० एमबीच्या वेगाने आणायला साडेबारा मिनिटं लागतात, डिस्क भरलेली असेल तर आणखी, कारण मधल्या छोट्या वर्तुळांवर वेग निम्म्यापर्यंत उतरतो. पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा माझ्या ब्रॉडबँडवर हे कितीतरी बरं. फक्त डबी यूएसबी ३ ची घ्या आणि डिस्क २५० जीबीहून कमी नको, आणि पहिल्यांदा जोडताना ती फॉरमॅट होते हे लक्षात ठेवा. माझे लग्नाचे फोटो थोडक्यात वाचले.

या रविवारी ‘स्पायडर-मॅन’ परत आत आणायचा आहे. सौ.नी दोन किलो मटार आणून ठेवलेत.