कस्टमर सक्सेस की अकाउंट मॅनेजर? गिऱ्हाईक एकच, काम वेगळं

दोन्हीकडून ऑफर आलेली पोरं हमखास विचारतात, “सक्सेस म्हणजे सपोर्टच की?” सपोर्टवाला फोन आल्यावर हलतो. सक्सेस मॅनेजरला फोन येत नसला की काळजी वाटायला हवी.

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं उत्पादनाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर घेतलं, 40 लॉगिन. मालकाला हवं होतं एवढंच, की कास्टिंग रिजेक्ट झालं तर ते कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या कुठल्या धातूचं, हे त्याच दिवशी कळावं. चौथ्या महिन्यात तक्रार शून्य, पैसे वेळेवर. अकाउंट मॅनेजरच्या लेखी हे खातं निवांत.

सक्सेस मॅनेजर मात्र वापराचा अहवाल उघडतो. आठवड्यात 11 जणच आत आलेत, आणि दिवसभरातल्या सगळ्या हीट संध्याकाळी सहाच्या सुमारास एकाच लॉगिनवरून भरल्यात. म्हणजे भट्टीपाशी अजून रजिस्टरच चाललंय आणि ऑफिसातलं कुणीतरी ते बघून टाइप करतंय. मालकाला हवं होतं ते यातून मिळणारच नाही.

तो थेट शिफ्ट सुपरवायझरला गाठतो. “एका हीटला बारा रकाने. मेटल ओतायचं सोडून हे भरत बसू व्हय?” सुपरवायझरचं खरंच आहे. मग भट्टीपाशी चारच रकाने ठेवायचे: हीट नंबर, ग्रेड, तापमान, किती बॉक्स भरले. रासायनिक घटक लॅबवाले भरतील. महिन्याभरानं नोंदींच्या वेळा बघायच्या. त्या दिवसभर विखुरल्या असतील तर गाडी रुळावर. नसतील तर पुन्हा शिरोली. (या कामात चहा फार होतो.)

अकाउंट मॅनेजरचं टेबल वेगळं. तो मालक आणि खरेदी विभागाशी बोलतो: दर, सवलत, कराराची मुदत, नूतनीकरण, दुसऱ्या प्लँटसाठी जादा लॉगिन. नवव्या-दहाव्या महिन्यात तो बसतो, तेव्हा भट्टीपाशी रजिस्टरच असेल तर मालक म्हणणार, “वापरतंय कोण? 15च द्या.” दर तोच धरला तर टिकलेला महसूल 37.5 टक्के. सहा महिन्यांची ढिलाई तिथं सवलत देऊन भरून निघत नाही. वापर रुळला असेल तर तोच मालक 40 चे 55 करतो. ते वाढीव 15 अकाउंट मॅनेजरच्या टार्गेटमध्ये मोजतात. 40 च्या खाली न येणं ही सक्सेसची बाजू.

घासाघीस आवडत असेल, महिनाअखेरचा आकडा अंगावर घेता येत असेल, तर अकाउंट मॅनेजमेंट घ्या. कुणाचं काम कुठं अडतंय हे शोधण्यात रमत असाल तर सक्सेस.

मात्र पदाच्या नावावर जाऊ नका. लहान कंपनीत दोन्ही एकाच्याच गळ्यात असतं, आणि काही ठिकाणी सक्सेसच्या नावाखाली नूतनीकरणाचं टार्गेटच देतात. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. नूतनीकरणाचा आकडा कुणाच्या नावावर? माणशी खाती किती? आणि वापराचा अहवाल मला दिसणार का? खाती दीडशे असतील तर शिरोलीला जाणं विसरा. दिवस मेल आणि ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये जाईल. अहवालच दिसणार नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते सपोर्टचंच काम आहे.