सायन की निरयन? एका जन्मतारखेवर ताडून पाहिलेला फरक

फोंड्याच्या माझ्या भाचीचा जन्म 12 मे 1998 चा, सकाळी साडेसहाचा. इंग्रजी मासिकातलं भविष्य वाचताना ती स्वतःला वृषभेची समजत आली. लग्नासाठी पत्रिका काढली तेव्हा तीत रवी मेषेत निघाला. स्थळ आलं ते मूळ रत्नागिरीकडच्या टिळक पंचांग पाळणाऱ्या घरातून, आणि त्यांनी मांडलेल्या कुंडलीत रवी पुन्हा वृषभेत. "मामा, यातलं खरं कुठलं धरायचं?" असं तिने विचारलं. गणित तिघांचंही बरोबर होतं. फरक होता तो मोजणी कुठून सुरू करायची याचा.

सूर्याच्या वार्षिक मार्गाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग म्हणजे राशी. हे दोन्ही पद्धतींत सारखंच आहे. पाश्चात्त्य म्हणजे सायन पद्धत शून्य धरते वसंतसंपातापाशी, म्हणजे साधारण 20-21 मार्चला दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथे. निरयन पद्धत शून्य ताऱ्यांना बांधते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षाला सुमारे 50 विकला मागे सरकतो, म्हणजे जवळजवळ 72 वर्षांत एक अंश. निरयनातला चित्रा ताऱ्यावरून मोजणारा पक्ष म्हणजे चित्रापक्ष, त्याच्या हिशेबाने दोन्ही शून्यं इसवी सन 285 च्या सुमारास एकत्र होती. तेव्हापासून साचलेलं अंतर म्हणजे अयनांश. आज ते 24 अंशांच्या थोडं वर गेलं आहे.

हे अंतर आपण दरवर्षी जगतो. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला, आणि सायन मकर तेव्हाच लागते. आपल्या घरोघरी तिळगूळ आणि हळदीकुंकू होतं ते 14-15 जानेवारीला. मधले चोवीसेक दिवस म्हणजेच अयनांश, कारण सूर्य दिवसाला जवळपास एक अंश चालतो.

आता भाचीचं गणित. त्या सकाळी सूर्य सायन मेषारंभापासून सुमारे 51 अंश 8 कलांवर होता, म्हणजे सायन वृषभेचे 21 अंश. त्या वर्षीचा चित्रापक्षी अयनांश 23 अंश 50 कला. वजा केला की उरतात 27 अंश 18 कला, म्हणजे मेष. टिळक पंचांगाचा रेवतीपक्षी अयनांश मात्र 20 अंशांच्या जरासा आत. तो वजा केला की 31 अंशांच्या थोडं वर, म्हणजे वृषभेचा दुसरा अंश. दोन वृषभ आणि एक मेष निघाले ते असे. त्यातल्या दोन वृषभ राशीही एक नव्हेत. नाव एकच असलं तरी आकाशातला पट्टा वेगळा आहे.

दोन निरयन पद्धतींत चार अंशांचा फरक कशाचा? चित्रापक्ष चित्रा तारा बरोबर 180 अंशांवर धरतो. भारत सरकारने 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने हाच अयनांश स्वीकारला, आणि समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी यांच्यावरून त्याला लाहिरी म्हणतात. दाते पंचांग आणि बहुतेक अ‍ॅप त्यावरच चालतात. रेवतीपक्ष शून्य धरतो रेवतीतल्या एका ताऱ्यापाशी, जो इतका मंद आहे की गावच्या दिव्यांत डोळ्यांना दिसणं कठीण. टिळक पंचांग पाळणाऱ्या त्या घरात संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते ती त्यामुळेच.

चित्रा मात्र कुणीही पाहू शकतं. 14 एप्रिलच्या सुमारास मध्यरात्री साडेबाराला अंगणात उभं राहून दक्षिणेकडे तोंड करा. बऱ्यापैकी उंचावर, गोव्यातून सुमारे साठ-पासष्ट अंशांवर, निळसर पांढरा ठळक तारा दिसतो. सूर्य त्याच्या बरोबर समोर, पायाखाली असतो, आणि चित्रापक्षाची मेष संक्रांत त्याच दिवसांत असते. माझा कल चित्रापक्षाकडे आहे त्याचं हे मोठं कारण. ज्या खुणेवर सगळी मोजणी उभी आहे ती खूण डोळ्यांनी तपासता यावी.

सूर्यराशी नेहमीच बदलते असंही नाही. सायन वृषभ साधारण 20 एप्रिल ते 20 मे, तर चित्रापक्षी वृषभ 15 मे ते 14 जून. 15 ते 20 मेमध्ये जन्मलेल्याची रास दोन्हीकडे वृषभच येते. दर महिन्यात असे सहा-सात दिवस असतात. म्हणजे ढोबळमानाने पाचातल्या चौघांची सूर्यराशी एक घर मागे जाते.

पण आपल्याकडे "तुझी रास काय?" असं विचारतात तेव्हा चंद्ररास अभिप्रेत असते, आणि निवड करताना खरी काळजी तिथे घ्यावी लागते. भाचीच्या जन्माच्या आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, म्हणजे चंद्र सूर्याच्या जवळपास समोर. भाचीची चंद्ररास तिन्ही पद्धतींत वृश्चिकच आली, त्यामुळे घरच्यांना हायसं वाटलं. मग मी नक्षत्र पाहिलं. चित्रापक्षाने विशाखाचा चौथा चरण, रेवतीपक्षाने अनुराधा. विशाखा धरलं तर जन्माची महादशा गुरूची आणि तीही संपत आलेली, अनुराधा धरलं तर शनीची. गुणमेलनाची बेरीज आणि दशांचं सगळं वेळापत्रक इथून पुढे वेगळं होतं. नक्षत्राची लांबी 13 अंश 20 कला, त्यात चार अंशांचा फरक म्हणजे दर दहातल्या तिघांचं नक्षत्र बदलू शकतं.

म्हणून माझं मत असं. ऋतू, दिवसमान, खरं उत्तरायण हवं असेल किंवा पाश्चात्त्य पद्धतीचं फलित वाचायचं असेल, तर सायनच घ्या आणि त्यात नक्षत्र-दशा आणू नका. पत्रिका, गुणमेलन, दशा, मुहूर्त यांसाठी निरयन घ्या, आणि दोन पत्रिका एकमेकींशी ताडायच्या तर दोन्ही एकाच अयनांशावर काढा. एक चित्रापक्षी आणि दुसरी रेवतीपक्षी अशा मांडून काढलेल्या गुणांना अर्थ उरत नाही. ग्रहांची आपसातली अंतरं मात्र सगळीकडे तीच राहतात, कारण वजाबाकी सगळ्यांतून सारखीच होते.

हातातलं अ‍ॅप कुठल्या पद्धतीवर चालतं ते ओळखायला 21 मार्चची कुंडली काढा. रवी मेषेच्या सुरुवातीला दिसला तर सायन, मीनेच्या सहा अंशांच्या आसपास दिसला तर चित्रापक्ष, दहाच्या आसपास दिसला तर रेवतीपक्ष. एक चूक मी स्वतः पाहिली आहे. भाचीच्या एका प्रतीत रवी मेषेच्या साडेतीन अंशांवर होता, कारण आधीच निरयन असलेल्या आकड्यातून कुणीतरी अयनांश पुन्हा वजा केला होता. मेच्या बाराव्या दिवशी सूर्य तिथे असूच शकत नाही, तो तिथे एप्रिलच्या सतरा-अठरा तारखेला असतो.

शेवटी दोन्ही घरांनी मुलामुलीच्या पत्रिका चित्रापक्षाने नव्याने काढून घेतल्या, आणि भाचीने वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं: "लाहिरी, 23 अंश 50 कला".