राइज की रेज, लाय की ले: ऑफिसच्या मेलमध्ये कुठे कोणतं?

दर वाढल्याचा इंग्रजी मेल लिहिताना बोटं अडतात ती या क्रियापदांपाशीच. आधी पाहायचं की क्रियापदाला कर्म आहे का. ‘दर वाढले’ म्हणजे राइज, ‘आम्ही दर वाढवले’ म्हणजे रेज. मराठीतला वाढणे-वाढवणे हाच फरक.

दुसरी कसोटी भूतकाळाची. राइज, रोझ, रिझन. रेज मात्र साधं, रेज्ड, रेज्ड. म्हणून ‘द प्राइस हॅज रेज्ड बाय 5 पर्सेंट’ चूक. ‘हॅज रिझन’ लिहिलं तर बाजारामुळे वाढ झाली असा सूर लागतो. ‘हॅज बीन रेज्ड’ लिहिलं तर कुणीतरी ठरवून वाढवली. ग्राहकाला लिहिताना हा फरक महत्त्वाचा, कारण दरवाढ तुमचीच असेल तर ‘वी हॅव रेज्ड’ हेच प्रामाणिक. टार्गेटचंही तसंच: ते सहसा व्यवस्थापन वाढवतं, म्हणून रेज.

लाय आणि ले जास्त फसवतात, कारण पडून असणे या अर्थाच्या लायचा भूतकाळच ले आहे: लाय, ले, लेन. ठेवणे या अर्थाचं ले मात्र ले, लेड, लेड. ‘द फाइल्स आर लेइंग विथ अकाउंट्स’ चूक, ‘लाइंग’ बरोबर. तरी औपचारिक मेलमध्ये नुसतं ‘आर विथ अकाउंट्स’ जास्त सुटसुटीत.

कागदपत्रं कुठे पडून आहेत हे सांगायचं तर लाय. संचालक मंडळापुढे मांडली असतील तर ‘वेअर लेड बिफोर द बोर्ड’. आकडे आपोआप हलले तर राइज, निर्णय कुणाचा तरी असेल तर रेज.