मोडीच्या बोर्डावरची एक ओळ आणि माझे तेहतीस हजार

मार्च २०२५ मध्ये, गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यात, मी सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला गंठण करायचं होतं. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "माझ्या हातात आता राहत नाहीत त्या, नातीच्या गळ्यात जाऊ देत." पाटल्या २०१२ साली सोलापुरातल्याच एका पेढीतून घेतलेल्या, चाळीस ग्रॅमच्या, ९१६ चा हॉलमार्क असलेल्या. बिल मी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. त्याच पेढीत गेले, कारण घेतलं तिथेच मोडावं असं आपल्याकडे सगळेच सांगतात. तक्रार अजून चालू आहे, म्हणून पेढीचं नाव इथे लिहीत नाही.

काउंटरच्या मागे भिंतीवर फ्रेम केलेली सूचना होती, 'जुने दागिने मोड घेण्याबाबत'. गर्दी होती, बसायला स्टूल दिलं होतं, त्यामुळे ती सूचना मी सगळी वाचली. आमच्या पेढीचा दागिना बिलासह आणून बदलीत नवा घेतल्यास घट नाही. इतर दागिने समोर आटवून टंचाप्रमाणे, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेप्रमाणे, घेतले जातील. घडणावळ, खडे, मीना, लाख आणि दोरा यांचे पैसे मिळणार नाहीत. आटणीची घट दोन टक्के. आणि शेवटी एक ओळ: 'टंचाच्या टक्केवारीनुसार निघणाऱ्या शुद्ध वजनास त्या दिवशीचा २२ कॅरेटचा दर दिला जाईल.'

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट सगळं आधीच लिहून लावलंय म्हणजे व्यवहार चोख असणार, असं वाटलं. माझं नुकसान त्या शेवटच्या ओळीनं केलं.

पाटल्या हातात घेऊन काउंटरवरचा माणूस म्हणाला, "वहिनी, यावर एचयूआयडी नाही. जुना हॉलमार्क आता चालत नाही, आटवून टंच काढावा लागेल." मी बिल पुढे केलं. तो म्हणाला, "बिल आमचंच आहे, पण नियम बदललाय." हे खरं नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय नवा हॉलमार्क दागिना विकता येत नाही, हा नियम विकणाऱ्या सराफासाठी आहे. आपल्या घरातल्या दागिन्यावरचा जुना हॉलमार्क त्यामुळे बाद होत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं, तर 'घट नाही' या पहिल्याच कलमात माझा व्यवहार बसला असता आणि पुढचं काही झालंच नसतं.

पाटल्या माझ्यासमोर काट्यावर ठेवल्या. ४०.००० ग्रॅम. मग एका कागदावर सही घेतली, त्यावर 'सूचना वाचून मान्य' असं छापलेलं होतं. आतल्या खोलीत मूस तापलेली होती. पाटल्या कापून तुकडे केले, मुशीत टाकले, आणि पाच-सात मिनिटांत सासूबाईंच्या पाटल्यांची बोटभर लांबीची लगड झाली. लगड भरली ३९.७२० ग्रॅम. बारा-तेरा वर्षांचा मळ आणि आटणीतली जळ मिळून पाव ग्रॅमच्या थोडं वर गेलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मशीनवर टंच आला ९१.२०.

मग त्यांनी चिठ्ठी केली. ३९.७२० चे ९१.२० टक्के, म्हणजे शुद्ध वजन ३६.२२५ ग्रॅम. त्या दिवशी फलकावर दर होते दहा ग्रॅमला २४ कॅरेटचे ९०,००० आणि २२ कॅरेटचे ८२,५००. सूचनेप्रमाणे त्यांनी २२ कॅरेटचा दर धरला, ग्रॅमला ८,२५०. झाले २,९८,८५६ रुपये. त्यातून आटणीची घट दोन टक्के, ५,९७७. माझ्या नावावर जमा २,९२,८७९.

गंठण तीस ग्रॅमचं पसंत केलं. तीस गुणिले ८,२५०, म्हणजे २,४७,५००. त्यावर घडणावळ बारा टक्के, २९,७००. एकूण २,७७,२०० वर तीन टक्के जीएसटी, ८,३१६. बिल झालं २,८५,५१६. हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर "तुमच्याकडून घेत नाही" म्हणून सोडून दिला. उरलेले ७,३६३ रुपये खात्यावर जमा झाले आणि मी समाधानानं घरी आले.

रात्री मावसभाऊ गंठण बघायला आला. तो बरीच वर्षं सराफ कट्ट्यात आटणीचं काम करायचा. दागिना बाजूला ठेवून त्यानं आधी चिठ्ठी हातात घेतली, आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आक्का, यांनी तुझं सोनं दोनदा कापलंय."

त्यानं समजावलं ते असं. टंच ९१.२० म्हणजे शंभर ग्रॅम लगडीत ९१.२० ग्रॅम शुद्ध सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे. ती टक्केवारी लावून ३६.२२५ काढले, तेव्हा सगळी भेसळ बाजूला झाली. उरलं ते निव्वळ शुद्ध सोनं, म्हणजे २४ कॅरेट. त्याला २४ कॅरेटचाच दर मिळायला हवा. २२ कॅरेटचा दर मुळातच कमी असतो, कारण त्यात साडेआठ टक्क्यांच्या आसपास भेसळ आधीच धरलेली असते. म्हणजे भेसळ एकदा वजनातून कापली आणि तीच भेसळ पुन्हा दरातून कापली.

"एक तर लगडीचं पूर्ण वजन धर आणि २२ चा दर लाव, नाही तर शुद्ध वजन काढ आणि २४ चा दर लाव," तो म्हणाला. "दोन्ही रस्त्यांनी रक्कम जवळजवळ एकच येते. एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवला, की गिऱ्हाईक बुडालं."

मी कागद घेऊन बसले. ३६.२२५ गुणिले ९,००० म्हणजे ३,२६,०२५. दुसऱ्या रस्त्यानं ३९.७२० गुणिले ८,२५० म्हणजे ३,२७,६९०. टंच ९१.६ च्या ऐवजी ९१.२ निघाला, तेवढ्यापुरता हा दीडेक हजाराचा फरक. मला धरून दिले होते २,९८,८५६. नुसत्या त्या एका ओळीत २७,१६९ रुपये गेले होते.

दोन टक्क्यांच्या घटीचंही तसंच. आटणीत जे जळायचं होतं ते चाळीसच्या ३९.७२० झाल्यावर काट्यावर दिसलंच होतं, आणि पैसे त्या कमी झालेल्या वजनाचेच धरले होते. तरी आटणीच्या नावानं आणखी ५,९७७ कापले. दोन्ही मिळून ३३,१४६ रुपये. गंठणाचं बिल तेच राहिलं असतं, तर माझ्या खात्यावर सात नव्हे, चाळीस हजार यायला हवे होते.

हिशोब करताना मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती कुणालाही स्वतः तपासता येईल. नवं गंठणही ९१६ चंच आहे, त्यातही ९१.६ टक्केच शुद्ध सोनं आहे. पण ते मला विकताना त्यांनी वजनाचे ९१.६ टक्के काढले नाहीत. पूर्ण तीस ग्रॅमला पूर्ण ८,२५० लावले, आणि ते बरोबरच आहे. मग माझ्या सोन्याला वेगळं गणित कसं? एकाच काउंटरवर, एकाच तासात, एकाच कसाच्या सोन्याला देताना एक आणि घेताना दुसरी रीत असेल, तर चिठ्ठी तिथेच थांबवायची.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणि माझा कागद घेऊन पेढीवर गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, बोर्डाकडे बोट केलं आणि सही दाखवली. "आम्ही लपवलेलं काहीच नाही, ताई. स्पष्ट लिहिलंय." मी म्हटलं, लिहिलंय म्हणून हिशोब बरोबर होतो का? शुद्ध वजनाला २२ चा दर कोणत्या रीतीनं लागतो, ते मला समजावून सांगा. ते समजावू शकले नाहीत. शेवटी म्हणाले, पुढच्या खरेदीत दहा हजार सोडतो. मी नाही म्हटलं. पाटल्या परत मागाव्यात तर त्या उरल्याच नव्हत्या. हॉलमार्कची खूण, मूळ वजन, घडण, सगळं मुशीत गेलं होतं. माझ्या हातात फक्त ती चिठ्ठी होती. नशिबानं तिच्यावर लगड, टंच आणि दर तिन्ही आकडे होते, म्हणून तक्रार तरी करता आली.

मोड घेताना सराफानं किती कापावं, हे कायद्यानं ठरलेलं नाही. प्रत्येक पेढीचं धोरण वेगळं असतं, आणि काही कपाती रास्तच असतात. मे महिन्यात जाऊबाईंची जुनी बोरमाळ मोडायला मी मुद्दाम सोबत गेले, दुसऱ्या पेढीवर. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यात लाख भरलेली असते. ओवलेल्या माळेचं वजन होतं २४ ग्रॅम. दोरा काढला, लाख जाळली, सोनं राहिलं १७ ग्रॅमच्या आतबाहेर. पाहून जाऊबाईंचा चेहरा उतरला, पण ती कपात खरी होती. लाख म्हणजे सोनं नव्हे. घडणावळ परत मिळत नाही, तेही समजण्यासारखं आहे. त्या सराफांनी रोखीच्या मोडीला दीड टक्का स्वतःचा म्हणून धरला आणि चिठ्ठीवर तसंच लिहिलं. ते पटलं नसतं, तर आम्ही माळ घेऊन उठू शकलो असतो.

तिथे आम्ही आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या होत्या: वजन कोणतं धरणार, त्याला दर कोणत्या कॅरेटचा, आणि त्याशिवाय काय कापणार. हे आटवण्याआधी, दागिना आपल्या हातात असताना. हॉलमार्कचा दागिना असेल, तर आधी न आटवता मशीनवर टंच बघायला सांगा. पण ते मशीन वरच्या पातळ थराचाच कस दाखवतं. आतल्या डाखाचा किंवा पोकळीतल्या भेसळीचा अंदाज त्यातून येत नाही, त्यामुळे सराफ आटवायचा आग्रह धरतो तो दर वेळी खोटाच असतो असं नाही. शंका असेल, तर बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात फी भरून आपणही दागिना तपासून घेऊ शकतो. दागिन्यावरचा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर टाकला, तर दागिन्याची शुद्धता आणि कोणत्या सराफानं तो हॉलमार्क करून घेतला, हे दिसतं.

मी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. चिठ्ठी, गंठणाचं बिल, २०१२ चं बिल आणि बोर्डाचा फोटो जोडला आहे. पेढीनं उत्तरात पुन्हा त्या सहीचाच आधार घेतला आहे, त्यामुळे आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्यानं जाताना आत डोकावले. स्टुलावर एक म्हातारी बाई रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन बसली होती, आणि बोर्डावर ती शेवटची ओळ तशीच होती. मी आत गेले, तिच्या शेजारी बसले आणि माझी चिठ्ठी तिच्या हातात दिली.