कंपाउंडवरचा फिरता पाइप : आठ महिने, एक कुत्रा आणि तारेच्या चार क्लिपा

मार्चमध्ये कोणी विचारलं असतं तर कुत्र्याला भिंत चढू न देणाऱ्या या पाइपला मी पाचपैकी पाच दिले असते. पहिल्या पावसानंतर एका पहाटे गोट्या त्याच पाइपवरून पसार झाला आणि दुधाच्या टपरीवर सापडला, म्हणून हे लिहायला बसलो.

गोट्या गावठी, वीस किलोचा. भिंत पाच फूट दोन इंच. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून तीनदा पळाला, तेव्हा पायऱ्यांवर बसून त्याची तऱ्हा पाहिली. तो भिंतीवरून उडी मारत नाही. पुढचे पंजे वरच्या कडेला अडकवतो, मागच्या पायांनी भिंत खरवडतो आणि अंग वर ओढून घेतो. भिंतीवर साडेतीन फुटांवर नखांचे ओरखडे दिसत असतील तर तुमचाही तसाच जातोय. अशा कुत्र्यासाठी भिंत वाढवण्यापेक्षा ती कड काढून घेणं स्वस्त. कडेला न शिवता पलीकडे जाणाऱ्या उंच कुत्र्यावर मात्र हा पाइप बिनकामाचा.

तयार रोलरची किंमत ऐकून मी फोन ठेवला. तीन इंची पीव्हीसी पाइपात दीड इंची पाइप, त्यातून ताणलेली पोलादी तार आणि भिंतीवर आतल्या बाजूला झुकलेले अँगल, एवढंच तर आहे. पंजा पडला की पाइप गरकन फिरतो आणि कुत्रा खाली. पाइप आणि भिंत यांत दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर नखं तिथेच अडकतात. पहिल्याच आठवड्यात गोट्या चारदा पडला, मग भिंतीकडे पाठ करून बसला. पाइपावर कावळेही बसेनासे झाले, हा वरचा नफा.

आता तक्रार. ती सबंध पाइपाची नाही, तारेच्या क्लिपांची आहे. हार्डवेअरवाले तिला बुलडॉग क्लिप म्हणतात. बुलडॉगच्या नावाची क्लिप गावठी कुत्र्यापुढे हरली, ते असो. तार अँगलमधून वळवून परत घ्यायची आणि क्लिपने आवळायची. क्लिपचा यू आकाराचा बोल्ट तार चेपतो, म्हणून तो तारेच्या मोकळ्या, कापलेल्या टोकावर बसवायचा. खाचेचा जाड भाग ताण घेणाऱ्या तारेवर. आमच्या फॅब्रिकेटरने उलट बसवल्या, त्याही टोकाला एकेक. दोन तरी हव्यातच. पहिल्या पावसात तार दोन बोटं सरकली, मधला पाइप खाली येऊन भिंतीला टेकला. टेकलेला पाइप फिरत नाही. म्हणजे माझ्याच पैशांनी गोट्याला पायरी करून दिली.

फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, कुत्र्याने ओढलंय." मी म्हटलं, "तुम्ही आधी क्लिप बघा." तो म्हणाला, गॅरंटी पावसात नसते! शेवटी मी स्वतःच आणखी दोन क्लिपा आणल्या, चारही सुलट्या बसवल्या आणि टर्नबकलने तार पुन्हा ताणली. नवी तार ताणाखाली थोडी वाढतेच, हे मला तेव्हा कळलं; पहिल्या महिन्यात एकदा तरी ताणून घ्या. अँगलमधलं अंतर दहा फुटांचं होतं, ते आता पाच केलंय. झोळ जवळजवळ गेला.

इथेच मत बदलायची वेळ आली. क्लिपा घट्ट, तार टणक, तरी चार दिवसांनी गोट्या पुन्हा गायब. मी दुकानात जाऊन क्लिपवरच भांडून आलो. बायकोने गेटच्या पल्ल्याच्या कडेला पिवळट केसांचा झुबका दाखवला. "भिंत कशाला बघताय, हा इथून जातोय." आमच्या दोन पल्ल्यांच्या गेटला मधोमध साखळी आहे. साखळीत ढील असल्याने पल्ले ढकलले की साडेपाच इंचांची फट पडते. गोट्याचं डोकं कानांजवळ, सगळ्यात रुंद जागी मोजलं : पाच इंच. डोकं गेलं की बाकीचं अंग कसंही मागे येतं. आता साखळी काढून खालून जमिनीत जाणारी दांडी आणि वर कोयंडा केलाय, आणि पल्ल्यांच्या खालच्या दीड फुटावर जाळी, दोन इंची घरांची. वरपर्यंत लावली नाही, कारण तिच्या घरांत पंजे रोवून तो चढला असता. दांडीचं भोक महिन्यातून एकदा साफ करावं लागतं. चिखल भरला की दांडी अर्धीच उतरते आणि बाहेरून बंद झालेली दिसते.

एक गोष्ट राहिली. भिंतीपासून चार फुटांच्या आत धुण्याचा दगड होता. त्यावरून उडी मारली तर पाच फुटांची भिंत साडेतीनची होते. तो हलवला, आईची कुरकुर चालू आहे.

पाइपाला आता पाचपैकी साडेतीन. गोट्या तीन आठवडे घरात आहे. फॅब्रिकेटरचे चारशे रुपये बाकी आहेत, ते मी क्लिपांच्या पावतीसोबत तसेच ठेवलेत.