घरमालकाकडे पावती आणि पॅन मागायचा की सोडून द्यायचा? कोल्हापूरच्या भाडेकरूसाठी हिशोब

जानेवारी उजाडला की कंपनीच्या एचआरचा मेल येतो: भाडेपावत्या, करारपत्र आणि घरमालकाचा पॅन अमुक तारखेपर्यंत द्या, नाहीतर घरभाडे भत्त्याची सूट मिळणार नाही. इकडे खालच्या मजल्यावरचे मालक म्हणतात, "पावती कशाला पायजे? भाडं बँकेत येतंय की." पॅनचा विषय काढला तर जिन्यात भेटल्यावरचं बोलणंसुद्धा कमी होतं. अशा वेळी भाडेकरूपुढे चार वाटा असतात. सूट सोडून द्यायची, लाखाच्या आतल्या पावत्या घ्यायच्या, पॅनसकट सगळे कागद मागायचे, किंवा कंपनीला काही न देता रिटर्न भरताना स्वतःच सूट घ्यायची. खालचा हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांचा आहे.

आधी बघा, मागायची गरज आहे का

घरभाडे भत्त्याची सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत पगारदाराचं उत्पन्न १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर करच लागत नाही. त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नऊ-दहा लाखांवर काम करणाऱ्याने मालकाशी वाकडं घेण्याचं कारणच उरत नाही. नवी पद्धत निवडली की प्रश्न मिटला.

त्यापुढच्या पगाराचं उदाहरण सविस्तर पाहू. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला एक मॅनेजर आहे. पगार वर्षाला १६ लाख, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ७ लाख ६८ हजार, घरभाडे भत्ता ३ लाख ७ हजार २००. ताराबाई पार्कात महिना २० हजारांनी फ्लॅट घेतलाय. पुण्यात आईवडील राहतात त्या घराचं कर्ज त्याच्याच नावावर आहे.

सूट तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान तेवढीच मिळते. पहिला, प्रत्यक्ष मिळालेला भत्ता. दुसरा, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या ४० टक्के, कारण कोल्हापूर ५० टक्केवाल्या महानगरांत येत नाही. तिसरा, भरलेल्या भाड्यातून त्याच पगाराचे १० टक्के वजा करून उरेल तो. पहिले दोन्ही इथे ३,०७,२०० आहेत. तिसरा २,४०,००० वजा ७६,८००, म्हणजे १,६३,२००. बहुतेकांचं घोडं या तिसऱ्या आकड्यातच अडतं. भत्ता कितीही मोठा असला तरी कोल्हापूरचं भाडं तेवढं नसतं.

या मॅनेजरने जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, ८०सी चे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, एनपीएसचे ५० हजार आणि आरोग्य विम्याचे २५ हजार असं सगळं धरलं, तर चित्र असं दिसतं:

| पर्याय | सेससह कर (रुपये) |
|---|---|
| नवी पद्धत, पावती नको | १,१३,१०० |
| जुनी पद्धत, घरभाड्याची सूट नाही | १,५५,२२० |
| जुनी पद्धत, लाखाच्या आतल्या पावत्या | सुमारे १,४८,१०० |
| जुनी पद्धत, पूर्ण भाड्याची सूट | सुमारे १,०८,५३० |

एवढी मागामागी करून नव्या पद्धतीपेक्षा वाचले साधारण साडेचार हजार. पुण्याचं गृहकर्ज नसतं तर पूर्ण पावत्या देऊनही जुन्या पद्धतीत कर १ लाख ६६ हजारांच्या वर गेला असता, म्हणजे नवीच बरी ठरली असती. उलट आईवडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांच्या विम्याचा ५० हजारांचा हप्ता तो भरत असेल, तर आणखी १०,४०० वाचतात आणि फायदा पंधरा हजारांच्या आसपास जातो. तेव्हा कुठे मालकाचं दार वाजवण्यात अर्थ आहे.

काही मालक म्हणतात, "पावती देतो, पण महिन्याला हजार वाढवा." वर्षाचे बारा हजार झाले. साडेचार हजार वाचवायला बारा हजार मोजायचे का, ते वरच्या तक्त्यातूनच ठरतं.

लाखाच्या आतली पावती

वर्षाचं एकूण भाडं एक लाखापेक्षा जास्त असेल तरच फॉर्म १२बीबी मध्ये मालकाचा पॅन द्यावा लागतो. म्हणून ऑफिसात हमखास सल्ला मिळतो, महिन्याला ८,३०० ची पावती कर. ज्याचं भाडं खरंच तेवढं आहे त्याच्यासाठी ही वाट सरळ आहे. वीस हजार भरणाऱ्याच्या हाती मात्र ९९,६०० वजा ७६,८०० म्हणजे २२,८०० ची सूट पडते, आणि तक्त्यात दिसतं तसं नवी पद्धत तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. वर कागदावर खोटा आकडा येतो तो वेगळाच. बँक खात्यातून वीस जातात आणि पावतीवर आठ असतात, हे कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर उत्तर द्यायला मालकही अडकतो.

दोन भावांच्या नावे अर्धी अर्धी पावती घेऊन लाखाची मर्यादा चुकवता येते, असाही समज आहे. मर्यादा वर्षभरात भरलेल्या एकूण भाड्याला आहे, प्रत्येक मालकाला वेगळी नाही.

पॅनसकट मागायचं तर

मालक नाही म्हणतो तेव्हा त्याची नेमकी भीती कोणती, हे आधी ओळखावं. "पॅन दिला की नोटीस येती म्हणत्यात," ही भीती बऱ्याचदा हिशोबाने जाते. समजा मालक निवृत्त आहेत, पेन्शन वर्षाला सहा लाख. भाड्याच्या २,४०,००० मधून भरलेला घरफाळा, समजा १० हजार, वजा होतो. उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा होतात. करपात्र राहतात १,६१,०००. पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून एकूण ६,८६,००० होतात, आणि नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. त्यांना रिटर्न तेवढं भरावं लागेल. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला तर बरेच काका नरम येतात.

मालक स्वतः मोठ्या व्यवसायातले, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर त्याच १,६१,००० वर त्यांना पन्नास हजारांच्या वर कर बसतो. त्यांचा नकार घाबरून नसतो, हिशोब करून असतो. कंपनी पॅन आयकर खात्याला कळवते आणि ते भाडं मालकाच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसू शकतं, हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या साडेचार हजारांसाठी ते पन्नास हजार सोडणार नाहीत. अशा ठिकाणी गोडीगुलाबीला मर्यादा आहे.

कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २६ प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असताना कलम दाखवणारा भाडेकरू पुढच्या करारात बहुधा नसतो. म्हणून मागणीची खरी वेळ करार करतानाची. त्या दिवशी ॲग्रीमेंटमध्येच मालकाचा पॅन आणि "दरमहा पावती दिली जाईल" अशी ओळ घालून घ्यावी. वीस हजार भाडं आणि साठ हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये येते. हा खर्च भाडेकरूने उचलण्याची तयारी दाखवली की मालक चटकन तयार होतो.

मध्येच मागायचं असेल तर निरोप छोटा ठेवावा: "काका, ऑफिसात घरभाड्याचा पुरावा द्यायचाय. एप्रिलपासूनच्या पावत्या मी लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा. पॅनचा नंबर लागेल. झेरॉक्स मागितली तर तिच्यावर 'फक्त घरभाडे भत्त्यासाठी, २०२५-२६' असं लिहून देऊ." पावतीवर महिना, रक्कम, घराचा पत्ता, दोघांची नावं आणि मालकाची सही हवी. रोखीने पाच हजारांवर भाडं दिलं असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्पही लावावा.

मालक नेमका कोण?

शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत हा खरा गुंता असतो. प्रॉपर्टी कार्डावर वारलेल्या वडिलांचं नाव, घरफाळा थोरल्याच्या नावे, आणि भाडं घेतो घरात राहणारा धाकटा. फॉर्म १२बीबी ला मालकीहक्काचे कागद लागत नाहीत, मालकाचं नाव, पत्ता आणि पॅन लागतो. काही कंपन्या वर घरफाळ्याची पावती मागतात. नाव जुळलं नाही की फाइल परत येते.

यावर उपाय असा की करारात सगळे वारस लायसन्सर म्हणून घ्यावेत, किंवा बाकीच्यांनी एकाला लेखी अधिकार द्यावा. मग करार, पावती, बँक खातं आणि पॅन यांतली नावं एकमेकांना जुळतात. भाडं भावांत वाटून जात असेल तर प्रत्येकाचा हिस्सा आणि पॅन वेगळा दाखवावा. प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव आहे ते मालकाला न विचारताही कळतं. सिटी सर्व्हे नंबर माहीत असेल तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर ते पाहता येतं. अनामत देण्याआधी एवढं पाहूनच घ्यावं, कर वाचो न वाचो.

मालकिणीकडे खरोखरच पॅन नसेल, तर तसं त्यांच्या सहीचं निवेदन नाव-पत्त्यासह कंपनीला देता येतं. ज्यांच्याकडे पॅन आहे पण द्यायचा नाही, त्यांच्यासाठी ही पळवाट नव्हे. तिथे खोटं लिहून देणारा आपल्या सहीने अडकतो.

कंपनीला न देता रिटर्नमध्ये

मालक हटूनच बसला असेल आणि हिशोब मात्र जुन्या पद्धतीकडे झुकत असेल, तर ही चौथी वाट उरते. कंपनी सूट न धरता कर कापते, आणि तुम्ही रिटर्नमध्ये जुनी पद्धत निवडून सूट मागता. जास्त कापलेला कर परत मिळतो. रिटर्न मुदतीच्या आत भरलं पाहिजे, उशीर झाला की जुनी पद्धत निवडता येत नाही. नोंदवलेला करार आणि दरमहा बँकेतून गेलेलं भाडं एवढा पुरावा जवळ हवा. भाडं रोखीने जात असेल आणि पावतीही नसेल, तर ही वाट धरू नये. विचारणा झाली आणि सूट खोटी ठरली, तर कराबरोबर दंडही बसतो.

आमच्या मॅनेजरपुरतं बोलायचं तर आईवडिलांच्या विम्याचा हप्ता तो भरत नसेल, तर मी त्याला नवी पद्धत घ्यायला सांगेन. भरत असेल, तर पुढचा करार होताना पॅन मागून घ्यावा, आणि या वर्षापुरती सूट रिटर्नमध्ये घ्यावी.